बो-टाय आरेख : उगम, रचना व मर्यादा

एखाद्या मोठ्या औद्योगिक धोक्यावरील ताबा सुटण्याचा क्षण मध्यभागी दाखवून त्याच्या डाव्या बाजूस त्या क्षणाप्रत नेणारी कारणे व ती रोखणारे अडसर, तर उजव्या बाजूस त्या क्षणानंतर संभवणारे परिणाम व ते आवरणारे उपाय मांडणाऱ्या आकृतीस ‘बो-टाय आरेख’ म्हणतात. दोन्हीकडील रेषा मध्यबिंदूकडे निमुळत्या होत गेल्याने ही आकृती युरोपीय पोशाखातील गळ्याशी बांधावयाच्या बो-टायसारखी दिसते व त्यावरूनच तिला हे नाव पडले. मध्यबिंदूस ‘शीर्ष घटना’, डावीकडील अडथळ्यांस ‘प्रतिबंधक अडसर’ व उजवीकडील अडथळ्यांस ‘सावरणारे उपाय’ अशा संज्ञा या लेखात वापरल्या आहेत. तेलविहिरी, रासायनिक कारखाने, खाणी, विमानवाहतूक इ. क्षेत्रांत या आरेखाचा प्रसार झाला असला, तरी त्याची रचना समजण्यास महाराष्ट्रातील वाचकाला अधिक परिचित असे उदाहरण साखर कारखान्याच्या जोडीने चालणाऱ्या आसवनीचे आहे. म्हणून आरेखाचा इतिहास सांगितल्यावर सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूर येथील उद्योगाच्या धर्तीवर तो उभा करून दाखविला आहे.

इतिहास : बो-टाय आरेख कोणा एका व्यक्तीने शोधून काढलेला नाही. स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन पद्धती एकमेकींना पाठीशी पाठ लावून जोडल्या गेल्या आणि त्यातून तो तयार झाला. त्याचा डावा अर्धा भाग ‘दोषवृक्ष’ या पद्धतीतून आला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या मिनिटमन या क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण-नियंत्रण यंत्रणेत चुकून प्रक्षेपण होण्याचा संभव किती, हे तपासण्यासाठी बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील एच्. ए. वॉटसन यांनी १९६१–६२ मध्ये ही पद्धत मांडली. तीत नको असलेली घटना सर्वांत वर लिहितात व ती कशामुळे घडेल, हे कारण खाली लिहितात. मग त्या कारणाचे कारण त्याच्याखाली, असे करीत फांद्या खाली उतरत जातात. दोन कारणे एकत्र आली तरच घटना घडते की दोहोंपैकी एकही पुरते, हे प्रत्येक फाट्यावर चिन्हाने दर्शविलेले असते. सर्वांत वरची म्हणून त्या घटनेस शीर्ष घटना म्हणत. पुढे वृक्ष आडवा करण्यात आला आणि ती घटना आकृतीच्या मध्यभागी आली, तरी तिचे जुने नाव टिकून राहिले. आरेख प्रथमच पाहणाऱ्यास मध्यावरील घटनेला ‘शीर्ष’ का म्हणतात, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर या इतिहासात आहे.

उजवा अर्धा भाग ‘घटनावृक्ष’ या पद्धतीतून आला. अमेरिकेतील अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेचा नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण अणुभट्टीचा दोषवृक्ष काढू लागल्यास तो हाताळता न येण्याइतका मोठा होई. म्हणून अभ्यासकांनी एखादी आरंभीची घटना, उदा., शीतकाची नळी फुटणे, गृहीत धरली. त्यानंतरची प्रत्येक सुरक्षा-यंत्रणा चालली तर काय होईल आणि न चालली तर काय होईल, असे दोन दोन फाटे पाडीत ते पुढे गेले. कारणे व परिणाम एकाच चित्रात आणण्याचा प्रयत्न डेन्मार्कमधील रिसो येथील संशोधन केंद्रात डी. एस्. नील्सन यांनी १९७१ मध्येच केला होता. प्रत्यक्ष बो-टायच्या आकाराचा सर्वांत जुना लेखी आढळ मात्र ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात १९७९ मध्ये दिलेल्या धोका-विश्लेषणाच्या व्याख्यानांच्या टिपणांत असल्याचे सामान्यतः मानले जाते. या व्याख्यानांचा संबंध इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज (आयसीआय) या ब्रिटिश कंपनीशी जोडला जातो.

दोन वृक्ष जोडताना त्यांतील तर्कचिन्हे गाळली गेली, ही या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट होय. शेकडो फाट्यांचा दोषवृक्ष तज्ञाला गणितासाठी उपयोगी पडे. परंतु पाळीवरील कामगाराला त्यातून काहीच उमगत नसे. बो-टाय आरेखात फाट्यांच्या जागी अडसर आले. धोकादायक ऊर्जा आणि माणूस यांच्यामध्ये अडथळा घालणे म्हणजे अपघात-निवारण, ही कल्पना अमेरिकन वैद्य व रस्ता-सुरक्षेचे अभ्यासक विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास पद्धतशीरपणे मांडली होती. तिच्याशी हे स्वरूप मिळतेजुळते आहे. गणिताची नेमकी शक्ती गमावून आरेखाने सुबोधता मिळविली. त्याचे गुण व दोष दोन्ही या देवघेवीतून उद्‌भवले आहेत.

या आरेखाचा मोठा प्रसार उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलमंचावरील दुर्घटनेनंतर झाला. ६ जुलै १९८८ रोजी या मंचावरील दोन द्रवपंपांपैकी एकाची दाबमोचक झडप देखभालीसाठी काढलेली होती व तिच्या जागी नुसती तबकडी बसविलेली होती. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रीच्या पाळीने पहिला पंप सुरू केला. झडप काढल्याची माहिती तिच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. गळती होऊन स्फोट झाला. आग विझविणारे पंप आपोआप सुरू होऊ शकत होते. परंतु पाण्याखाली पाणबुडे काम करीत असताना ते खेचले जाऊ नयेत म्हणून ते हाताने चालविण्याच्या स्थितीत ठेवलेले होते आणि आगीमुळे त्यांच्यापर्यंत कोणालाही जाता आले नाही. या दुर्घटनेत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने (१९९०) १०६ शिफारशी केल्या. आपल्या ठिकाणचे मोठे धोके कोणते आणि ते कशाने आवरलेले आहेत, हे कंपनीने स्वतः सिद्ध करून दाखवावे, हा त्यांचा गाभा होता. त्यास उत्तर म्हणून शेल या तेल कंपनीने १९९० नंतरच्या काही वर्षांत बो-टाय आरेख आपल्या नेहमीच्या कामकाजात आणला व तेथून तो इतर उद्योगांत पसरला. जोखीम-मूल्यमापनाच्या पद्धतींविषयीच्या २००९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा समावेश झाला.

श्रीपूर व मद्यार्काचा धोका : श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या ‘बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट’ या कंपनीच्या साखर कारखान्यामुळे ते नावारूपास आले. साखरेच्या जोडीने येथे मद्यार्काची आसवनीही उभी राहिली. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरणारी मळी आंबवून व तिचे ऊर्ध्वपातन करून एथिल अल्कोहॉल म्हणजेच मद्यार्क मिळवितात. पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला. हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. त्यामुळे महाराष्ट्राच्या ऊस-पट्ट्यात मद्यार्काच्या साठ्याच्या टाक्या संख्येने व आकाराने वाढल्या. पुढील उदाहरण अशा आसवनीतील एका नमुन्याच्या टाकीचे आहे. त्यातील मापे विवरणासाठी घेतली असून ती कोणत्याही विशिष्ट कारखान्याची नाहीत.

मद्यार्काचा स्वभाव प्रथम लक्षात घ्यावा लागतो. त्याचे बाष्प हवेत सु. ३·३ ते १९ टक्के या प्रमाणात असले, तर ठिणगीने पेट घेते. शुद्ध मद्यार्काच्या पृष्ठभागावर सु. १३° से. तापमानालाच एवढे बाष्प जमते. २०° से. तापमानास टाकीतील मोकळ्या जागेत बाष्पाचे प्रमाण सु. ६ टक्के असते, तर ४०° से. तापमानास ते सु. १८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे सोलापूरसारख्या जिल्ह्यात वर्षातील बहुतेक दिवस मद्यार्काच्या बंद टाकीच्या माथ्याखालील हवा ज्वलनक्षम असते. पेट्रोलच्या टाकीत तशी स्थिती सहसा नसते. तेथे बाष्प इतके दाट असते, की त्यास जळण्यापुरती हवा मिळत नाही. पेट्रोल हा अधिक धोकादायक पदार्थ, ही सर्वसाधारण समजूत टाकीच्या आतील जागेपुरती उलटी ठरते.

शीर्ष घटनेची निवड : आरेखाची सुरुवात धोक्याच्या नावाने होते. येथे तो ‘टाकीत साठविलेला मद्यार्क’ हा होय. त्यानंतर शीर्ष घटना ठरवावयाची. ‘आग लागणे’ असे लिहिण्याचा मोह बहुतेकांना होतो. परंतु आग हा परिणाम आहे. ताबा त्यापूर्वीच, द्रव टाकीबाहेर पडला त्या क्षणी, सुटलेला असतो. आग मध्यभागी ठेवल्यास गळती व आग यांच्यामधील सर्व काळ आणि त्या काळात करता येण्यासारखे सर्व काही डाव्या बाजूस ढकलले जाते. त्यामुळे सांडलेला द्रव अडविणारा बांध गळती रोखणाऱ्या झडपेच्या पंक्तीस जाऊन बसतो. म्हणून ‘मद्यार्क टाकीबाहेर पडणे’ ही शीर्ष घटना येथे घेतली आहे. टाकीच्या आतील बाष्प पेटून छप्पर उडणे ही घटना निराळी असून तिला निराळा आरेख लागतो. ऑस्ट्रेलियातील पोर्ट केम्बला येथे जानेवारी २००४ मध्ये एथेनॉलच्या एका मोठ्या टाकीचे छप्पर असेच उडाले होते. दोन्ही घटना एका आरेखात कोंबल्यास उपायांची गल्लत होते. उदा., टाकीचे अर्थिंग आतील प्रज्वलनाच्या आरेखात डावीकडे, तर गळतीच्या आरेखात उजवीकडे येते.

डावी बाजू : मद्यार्क टाकीबाहेर पडण्याची तीन प्रमुख कारणे घेऊ : टाकी भरून वाहणे, तळाचा पत्रा गंजून गळणे आणि टँकर भरणे चालू असताना नळी जोडलेलीच राहून टँकर निघून जाणे. प्रत्येक कारणापासून शीर्ष घटनेकडे एक रेषा काढतात व तिच्यावर अडसर मांडतात. गंजण्याच्या रेषेवर पत्र्याची जाडी ठराविक मुदतीने मोजून कमी झालेला भाग बदलणे हा अडसर येतो. टँकरच्या रेषेवर गाडीची किल्ली भरणाऱ्याच्या ताब्यात ठेवणे, तसेच ताण पडताच तुटून दोन्ही बाजू आपोआप बंद करणारा जोड, हे अडसर येतात. भरून वाहण्याच्या रेषेची तपासणी मात्र अधिक सविस्तर करणे आवश्यक आहे.

समजा, टाकीचा व्यास ६ मी. व उंची ७ मी. आहे. तिच्यात सु. १९८ घ. मी., म्हणजे जवळजवळ २ लाख लिटर मद्यार्क मावतो. पंप ताशी २८ घ. मी. द्रव ओतीत असेल, तर पातळी ताशी सु. १ मी. चढते. भरण्याची मर्यादा ६·२ मी. ठरविली, तर तेथून काठापर्यंत सु. ४८ मिनिटे मिळतात. पहिला अडसर असा : कामगार पातळी-मापक पाहतो, ६·२ मी. झाल्यावर निर्णय घेतो व पंप बंद करतो. दुसरा अडसर असा : ६·५ मी. उंचीवरील वेगळा स्विच पंपाचा वीजपुरवठा आपोआप तोडतो. तोवर ३० मिनिटांचा अवकाश शिल्लक असतो. पाहणे, ठरविणे व करणे ही तिन्ही कामे उपलब्ध वेळेत पुरी होत असतील, तरच त्यास अडसर म्हणता येते. नुसता मापक हा अडसर नव्हे, कारण तो केवळ दाखवितो. नुसती भोंग्याची सूचना हाही अडसर नव्हे. ती ऐकून झडपेपर्यंत जाणारा मनुष्य व त्यास पुरेल एवढा वेळ, या दोहोंसह ती अडसर ठरते. पंपाचा वेग दुप्पट केला, तर हे सर्व अवकाश निम्म्यावर येतात आणि आरेखातील एकही चौकट न बदलता अडसर दुबळा होतो.

दुसरी कसोटी स्वतंत्रतेची. मापक शंभर वेळांत दहादा चुकतो व स्विचही शंभरात दहादा चुकतो असे मानले, तर दोन्ही एकाच वेळी चुकण्याचा संभव शंभरात एक होतो. परंतु हे गणित दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल तरच खरे ठरते. स्विच मापकाच्याच संदेशावर चालत असेल, तर मापक अडकताच स्विचही निकामी होतो. कागदावर दोन अडसर दिसतात आणि प्रत्यक्षात एकच असतो.

अडसराला दुबळे करणाऱ्या गोष्टीही आरेखात दाखवितात. त्या प्रत्येक अडसराच्या खाली लोंबत्या रेषेने काढतात. स्विचच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे न तपासणे, दुरुस्तीच्या वेळी तात्पुरता बाजूला केलेला तसाच राहणे, गळीत हंगामाच्या घाईत नवख्या माणसाची रात्रपाळीवर नेमणूक होणे इ. गोष्टी येतात. प्रशिक्षण, सूचनाफलक व देखरेख यांची जागा येथे, अडसराला आधार देणाऱ्या उपायांत असते. त्यांना मुख्य रेषेवर अडसर म्हणून मांडणे ही या आरेखातील सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. तिच्यामुळे रेषा भरगच्च दिसते, पण गळती एका थेंबानेही कमी होत नाही.

उजवी बाजू : मद्यार्क बाहेर पडल्यानंतर तीन परिणाम संभवतात. सांडलेले तळे पेटेल, हवेपेक्षा सु. १·६ पट जड असलेले बाष्प जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ठिणगीने भडकेल. किंवा द्रव नाल्यावाटे ओढ्यात व नदीत जाईल. नदीत मद्यार्काचे जीवाणूंकडून विघटन होताना पाण्यातील ऑक्सिजन खर्ची पडतो व मासे गुदमरून मरतात. या तिन्ही रेषांवर पहिला सावरणारा उपाय एकच, तो म्हणजे टाकीभोवतीचा बांध. सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावेल एवढा बांध ठेवण्याचा परिपाठ आहे. आपल्या टाकीसाठी १५ मी. लांब व तितक्याच रुंद आवाराला १·१ मी. उंच भिंत घातली, तर टाकीने व्यापलेली जागा वजा जाता सु. २१६ घ. मी. द्रव मावतो. टाकीतील १९८ घ. मी. वजा केल्यास सु. १८ घ. मी. जागा शिल्लक राहते.

आता पावसाळ्याचा विचार करावा. या आवारात १० सेंमी. पाऊस साचला, तर सु. २२ घ. मी. पाणी होते व राखीव जागा पूर्णपणे संपते. म्हणून बांधाला पाणी सोडण्याची झडप असते. साचलेले पाणी सोडल्यावर ती बंद करावयाची राहून गेली, तर सांडलेला मद्यार्क त्याच वाटेने नाल्यात जातो आणि बांध असून नसल्यासारखा होतो. झडप बंद ठेवावी तर पाणी साचते व उघडी ठेवावी तर बांध निरुपयोगी ठरतो. उत्तर एकच : झडप नेहमी बंद व कुलूपबंद, आणि पाऊस थांबल्यावर नेमलेल्या माणसाने तेथे उभे राहून पाणी सोडून ती पुन्हा बंद करून नोंद करावयाची. आरेखात ‘बांध’ असा एकच शब्द लिहिलेला असतो. त्यामागे एवढे सर्व काम असते.

पेटलेल्या मद्यार्कावर दोन अडचणी येतात. त्याची ज्योत फिकट निळसर असल्यामुळे उन्हात ती नीट दिसत नाही व विझविणारा तिच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. दुसरी अडचण अशी, की मद्यार्क पाण्यात पूर्णपणे मिसळतो. म्हणून पेट्रोलच्या आगीवर टाकतात तो नेहमीचा फेस त्याच्यावर टिकत नाही. फेसातील पाणी मद्यार्क शोषून घेतो व फेसाचा थर विरून जातो. त्यासाठी मद्यार्क-रोधक असा खास फेस लागतो. भांडारात फेस आहे एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या जातीचा आहे, हे पाहावे लागते.

मग भरपूर पाणी ओतून मद्यार्क पातळ करावा, असे कोणी सुचवील. २० टक्के मद्यार्काचे मिश्रणही सु. ३६° से. तापमानास पेटू शकते व सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान त्याच्या वर जाते. ते १० टक्क्यांवर आणल्यास ही मर्यादा सु. ४९° से. होते. म्हणजे सांडलेल्या एका भागास जवळजवळ नऊ भाग पाणी हवे. २० घ. मी. मद्यार्क सांडला असेल, तर सु. १७० ते १८० घ. मी. पाणी ओतावे लागते व एकंदर २०० घ. मी. मिश्रण बांधात कसेबसे मावते. संपूर्ण टाकी सांडली असेल, तर बांधात पाण्याला जागाच नसते. पाणी ओतत राहिल्यास जळता मद्यार्क बांधावरून वाहून शेजारच्या टाकीकडे जातो. एकच उपाय लहान गळतीत सावरणारा, तर मोठ्या गळतीत घातक ठरतो. आरेख हा फरक आपोआप दाखवीत नाही. काढणाऱ्याने तो शोधून लिहावा लागतो.

प्रत्यक्षातील कसोटी : टाकी भरून वाहण्याची रेषा प्रत्यक्षात कशी कोसळते, हे इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील तेल-साठ्याच्या दुर्घटनेने दाखविले. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळपासून तेथील ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरले जात होते. पहाटे ३ च्या सुमारास पातळी-मापक अडकला व पडद्यावरील आकडा स्थिर राहिला, पण टाकी भरतच होती. त्यावर स्वतंत्र असा उच्च-पातळी स्विच होता. परंतु त्याची तपासणी करण्याची लहान दांडी योग्य स्थितीत टिकून राहण्यासाठी एक कुलूप लावणे आवश्यक होते आणि ते लावलेले नव्हते. कुलूप केवळ कोणी हात लावू नये म्हणून असावे, अशी समजूत होती. स्विच चालला नाही. ५·३७ च्या सुमारास पेट्रोल माथ्यावरून वाहू लागले व ६·०१ वाजता बाष्पमेघाचा स्फोट झाला. ४० हून अधिक लोक जखमी झाले. रविवारची पहाट असल्यामुळे आसपासच्या कचेऱ्या रिकाम्या होत्या व कोणाचाही मृत्यू झाला नाही. उजव्या बाजूचे बांधही गळके निघाले व इंधन आणि आग विझविण्याचे पाणी भूजलात शिरले. तोच मापक त्यापूर्वीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकला होता, असे पुढे चौकशीत आढळले. पहिला अडसर मोडकळीस आल्याची चौदा चिन्हे समोर असूनही दुसऱ्या अडसराकडे कोणी पाहिले नाही. पहिला अडसर वारंवार चुकू लागणे, ही दुसऱ्याची तपासणी करण्याची वेळ होय.

भारतीय वाचकाला भोपाळचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सु. ४० टन मिथिल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरून विक्रिया भडकली. आरेख काढला असता, तर त्याच्या रेषा मोकळ्या दिसल्या नसत्या. टाकी थंड ठेवणारी शीतन यंत्रणा होती, वायू धुणारे यंत्र होते, वायू जाळणारा मनोरा होता, पाण्याचा फवाराही होता. त्यांपैकी शीतन यंत्रणा कित्येक महिने बंद होती. मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. धुण्याचे यंत्र एवढ्या वायूला पुरे पडले नाही. आणि फवारा वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचला नाही. अडसर होते, पण त्या रात्री ते जिवंत नव्हते.

मर्यादा : यावरून या आरेखाची मुख्य उणीव स्पष्ट होते. तो यंत्रणेची अपेक्षित रचना दाखवितो. तिची आजची स्थिती दाखवीत नाही. वीज जाण्यासारख्या एकाच कारणाने डावीकडील स्विच व उजवीकडील अग्निपंप एकदम बंद पडतील, हे निरनिराळ्या रेषांवर काढलेल्या चौकटींतून कळत नाही. घटनांचा वेळ व क्रम हेही त्यात येत नाहीत. जोखमीचे आकडे काढावयाचे असल्यास पुन्हा दोषवृक्षाकडे किंवा अडसरांच्या थरांचे गणित मांडणाऱ्या पद्धतींकडे वळावे लागते. म्हणून जाणकार मंडळी प्रत्येक अडसराखाली तो सांभाळणाऱ्याचे पद, तपासणीची मुदत व शेवटच्या तपासणीचा निकाल लिहितात आणि नादुरुस्त अडसर निराळ्या रंगाने दाखवितात. तसे केले, तर आरेख भिंतीवरील शोभेचे चित्र न राहता पाळी बदलताना वाचावयाचा कागद होतो.

भारतातील स्थिती : भोपाळनंतर भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी ठराविक मर्यादेहून अधिक साठा असणाऱ्या कारखान्यांवर सुरक्षा-अहवाल व कारखान्याच्या आवारातील आपत्कालीन योजना तयार करण्याचे बंधन घातले. आवाराबाहेरील योजना तयार करण्याचे काम शासकीय यंत्रणेकडे देण्यात आले. या नियमांत बो-टाय आरेखाचे नाव नाही. परंतु ते जी माहिती मागतात, तिची विभागणी आरेखाच्या दोन बाजूंशी जुळते : सुरक्षा-अहवालात मुख्यतः डावी बाजू येते, आपत्कालीन योजनांत उजवी. हे कागद पुष्कळदा निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या हातांनी तयार होतात. एकाच टाकीची एकच शीर्ष घटना मध्यभागी ठेवून ते जुळवून पाहिले, तर अहवालात भक्कम मानलेला बांध आणि योजनेत ओतावयाचे पाणी एकाच जागेत मावत नाही, यासारखी विसंगती टाकी भरण्यापूर्वीच लक्षात येते.